बरोबर डोक्यावर: एका पर्यायावरून झालेला वाद

गेल्या मे महिन्यात माझ्या भावाची मुलगी मुक्ता नाशिकहून आमच्याकडे कोथरूडला राहायला आली होती. ती दहावीत जाणार होती आणि माझा मुलगा ईशान आठवीत. ईशानच्या सुट्टीतल्या शिबिरात प्रश्नमंजूषेचा एक कागद दिला होता आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं लिहून न्यायची होती. वीस प्रश्नांपैकी एकोणीस दोघांनी मिळून अर्ध्या तासात उरकले. राहिलेल्या एकावर मात्र सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत वाद चालला. मी शाळेत भूगोल शिकवते. हा प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपात वर्गात येतो आणि बहुतेक मुलं तो एकाच ठिकाणी चुकतात. म्हणून त्या दिवशी घरात जे झालं ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

प्रश्न असा होता:

पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?
(अ) रोज दुपारी बारा वाजता
(ब) फक्त २१ जूनला
(क) वर्षातून दोन दिवशी
(ड) कधीच नाही

ईशानने न थांबता (ब) वर गोल केला. मुक्ता म्हणाली, (क). पुढचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, ते जवळजवळ जसंच्या तसं देते.

"अगं ताई, २१ जून सगळ्यात मोठा दिवस असतो ना? मग त्या दिवशी सूर्य सगळ्यात उंच असणारच. यात काय विचार करायचाय?"

"दोनदा येतो रे. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. मी वाचलंय."

"कुठं वाचलंस? आणि वाचलं म्हणून काय झालं? पुस्तकात चित्र आहे बघ, २१ जूनला सूर्याचे किरण सरळ पडतात असं."

"सरळ पडतात, पण कुठं?"

"उत्तर गोलार्धात."

"अख्ख्या गोलार्धात एकाच वेळी सरळ कसे पडतील? नीट बघ चित्र. बाण कुठल्या रेषेवर आहे?"

ईशानने पुस्तक जवळ ओढलं. "कर्कवृत्तावर."

"आणि पुणं कर्कवृत्तावर आहे का?"

इथे तो पहिल्यांदा थांबला. नकाशा उघडला. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, गुजरात आणि मध्य प्रदेशातून जातं. पुणं साडेअठरा अंशांवर आहे. "नाही. आपण खाली आहोत, पाच अंश. पण पाच अंशांनी काय होतंय? जवळजवळ डोक्यावरच की."

"प्रश्नात 'बरोबर डोक्यावर' लिहिलंय."

"मग बरोबर डोक्यावर कधीच येत नसेल. (ड) असेल उत्तर."

ही उडी मला फार महत्त्वाची वाटते. (ब) हातातून सुटला की मुलं थेट (ड) वर जातात, कारण त्यांच्या डोक्यात सूर्याचं ठिकाण म्हणजे २१ जूनचं ते एक चित्र असतं. त्या चित्रात सूर्य कर्कवृत्तावर उभा आहे. तो तिथे आला कुठून, हे चित्र दाखवत नाही. मुक्ताने नेमकं तिथेच बोट ठेवलं. आपण वाचलेल्या गोष्टीचा आधार सोडून ती पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने बोलायला लागली.

"मला सांग, २१ मार्चला सूर्य कुठं असतो?"

"विषुववृत्तावर. दिवस-रात्र सारखे."

"म्हणजे ठाण्याहून नाशिकला येणारी एसटी धर. ठाणं म्हणजे विषुववृत्त, २१ मार्चला गाडी तिथून सुटली. २१ जूनला नाशिकला पोचली. नाशिक म्हणजे कर्कवृत्त. तू इगतपुरीला उभा आहेस. गाडी तुझ्यासमोरून जाईल की नाही?"

"जाईल. मध्येच आहे इगतपुरी."

"आणि नाशिकहून परत फिरली की?"

"परत जाईल... म्हणजे दोनदा." तो गप्प झाला. मग स्वतःच पुढे म्हणाला, "थांब. जो नाशिकलाच उभा आहे त्याला गाडी एकदाच दिसेल. तिथंच ती वळते. म्हणजे (ब) हे कर्कवृत्तावरच्या माणसाचं उत्तर आहे!"

"आणि धुळ्याला उभा असलेला?"

"त्याच्यापर्यंत गाडी जातच नाही. कधीच नाही. म्हणजे दिल्ली. दिल्लीचं उत्तर (ड)!"

मी हातातलं काम टाकून बाहेर आले. इतकी वर्षं शिकवताना मी हे असं मांडलं नव्हतं. तीन पर्याय तीन वेगवेगळ्या अक्षांशांवर खरे ठरतात. कर्कवृत्तावर (ब), त्याच्या उत्तरेला (ड), आणि कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात (क). प्रश्नाची सगळी भिस्त 'पुण्यात' या शब्दावर आहे आणि घाईत वाचणारा नेमका तोच शब्द सोडतो. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, अगदी नंदुरबारचं वरचं टोकसुद्धा. त्यामुळे सावंतवाडी असो की नागपूर, आपल्याकडे उत्तर (क)च राहतं, तारखा तेवढ्या बदलतात. भोपाळ कर्कवृत्ताला अगदी खेटून, जरासं खाली आहे. तिथे हे दोन दिवस जूनच्या मध्याला आणि जूनअखेरीला, एकमेकांजवळ येतात. आणखी वर सरकलं की ते २१ जूनला एकत्र मिळतात आणि त्यापुढे नाहीसे होतात.

सूर्य असा प्रवास करत नाही, आसाचा कल कायम ठेवून पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तसं दिसतं, हे दोघांना ठाऊक होतं. या वादाला त्याने फरक पडत नव्हता.

एक गाठ मात्र सुटायची राहिली होती आणि ती ईशाननेच काढली. "पण मग सगळ्यात मोठा दिवस २१ जूनलाच कसा? त्या दिवशी सूर्य सगळ्यात उंच नसेल तर?"

मोठा दिवस आणि उंच सूर्य या दोन गोष्टी आपण एकच समजतो, ही या चुकीची खरी मुळी आहे. कर्कवृत्ताच्या उत्तरेला त्या बरोबर चालतात, आपल्याकडे त्या वेगळ्या होतात. दिवस किती तासांचा, हे सूर्याची आकाशातली वाट क्षितिजाच्या वर किती लांब आहे यावर ठरतं. सूर्य जितका उत्तरेला सरकलेला, तितका तो सकाळी पूर्वेच्या डावीकडून उगवतो, संध्याकाळी पश्चिमेच्या उजवीकडे मावळतो, आणि वाट लांबते. पुण्यात मेच्या मध्याला दिवस तेरा तासांच्या आसपास असतो, २१ जूनला सव्वातेरा तासांच्या. पण त्या लांब वाटेचा माथा आपल्या डोक्यावर नसतो, डोक्याच्या उत्तरेला पाच अंश कललेला असतो. मी ईशानला त्याची मागची खोली दाखवली. तिची खिडकी उत्तरेला आहे आणि मे-जूनमध्ये त्या खिडकीच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन येतं, डिसेंबरात अजिबात येत नाही. उन्हाळ्यात तिथे पडदा लावायला तोच मागे लागतो. "हो की," तो म्हणाला, आणि (ब) खोडून (क) वर गोल केला.

प्रश्नमंजूषेपुरता वाद इथे मिटला होता. पण ईशान आता कोणते दोन दिवस ते काढायला बसला, आणि तिथून दुसरा वाद पेटला.

त्याचा हिशोब त्रैराशिकाचा होता. २१ मार्च ते २१ जून धरले सुमारे ९३ दिवस. तेवढ्यात साडेतेवीस अंश. मग साडेअठरा अंशांना ७३ दिवस. २१ मार्चपासून ७३ दिवस म्हणजे २ जून. "म्हणजे अजून यायचाय तो दिवस! आज २० मे."

"चुकतंय," मुक्ता म्हणाली. "सूर्य सारख्या वेगानं नाही जात."

"का नाही? तूच एसटी म्हणालीस."

"एसटी नाशिकला थांबून वळते ना? आधी वेग कमी नाही का करत? झोपाळ्यावर बस आणि बघ." आमच्या हॉलमध्ये जुना लाकडी झोपाळा आहे. तिने त्याला झोका दिला. "मध्यावरनं कसा सपकन जातो, आणि टोकाला पोचताना रेंगाळतो. सूर्यालाही २१ जूनला वळायचं असतं. टोकाजवळ तो दिवसचे दिवस तिथंच असल्यासारखा राहणार. म्हणजे मधला भाग त्यानं भराभर कापलेला असणार. पुण्यावरून तो आधीच गेलाय."

"हे तुझं म्हणणं झालं. झोपाळा आणि सूर्य सारखेच कशावरून?"

मला त्याचा हा प्रश्न फार आवडला. झोपाळ्याचा दाखला समजायला चांगला आहे, पण दाखल्याने काही सिद्ध होत नाही. मी पंचांगातले आकडे सांगू शकले असते. ते न सांगता मी एवढंच विचारलं, की तुमच्या दोघांच्या म्हणण्यात आज दुपारी गच्चीवर काय फरक दिसायला हवा?

दोघांनी कागदावर मांडलं. ईशानचं खरं असेल तर आज सूर्य पंधरा अंशांवर, म्हणजे अजून आपल्या दक्षिणेला, आणि मध्यान्हीची सावली उत्तरेला पडेल. मुक्ताचं खरं असेल तर सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलाय आणि सावली दक्षिणेला पडेल. आकडे न लागता दिशेवरूनच निकाल लागणार होता. अशी कसोटी हाताशी असली की कोण बरोबर यावर आवाज चढवायची गरज राहत नाही.

सूर्य जवळजवळ माथ्यावर असताना सावली मोजणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही, आणि आमचे पहिले दोन प्रयत्न फसले. आधी ईशानने कुंडीत एक काठी रोवली. काठी जराशी तिरकी असली तर तिची सावली सूर्याचं काही सांगत नाही, काठीचा तिरकेपणा सांगते. एका अंशाच्या कलाने दोन मीटर काठीचं टोक साडेतीन सेंटीमीटर सरकतं आणि आम्हाला शोधायचा फरक त्याच मापाचा होता. कुंडी अर्धी फिरवली तर सावलीची दिशाही फिरली, तेव्हा काठी निकामी ठरली. मग गवंड्याचा ओळंबा टाकीच्या पाइपाला टांगला. दोऱ्याला तिरकेपणा नसतो, पण पाइपाची स्वतःची जाड सावली बरोबर आमच्या खुणेवरच येऊन बसली. सूर्य डोक्यावर असला की वर टांगायला जे वापरू तेच आड येतं, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी कपडे वाळत घालायच्या बारीक तारेला ओळंबा बांधला. तारेची सावली इतक्या उंचीवरून जमिनीपर्यंत विरून जाते. दोऱ्यात जमिनीपासून दोन मीटरवर पुठ्ठ्याची पाच सेंटीमीटरची गोल चकती ओवली आणि ओळंब्याच्या टोकाखाली फरशीवर खडूने फुली मारली.

घड्याळात बारा वाजले तेव्हा चकतीची सावली फुलीच्या पश्चिमेला वीतभर लांब होती, मोजली तर पंचवीस सेंटीमीटर. ईशान एकदम म्हणाला, "बघ, कुठंच नाही डोक्यावर!" (अ) पर्याय इथे मेला, आणि (ड) वर विश्वास ठेवणारी माणसं कुठे फसतात तेही दिसलं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. पुणं त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला असल्यामुळे मेच्या या दिवसांत आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या एखाद मिनिट पुढेमागे होते. शून्य सावलीच्या दिवशीसुद्धा घड्याळ बघून बाराला बाहेर पडणाऱ्याला सावली दिसणारच.

मग दर पाच मिनिटांनी चकतीच्या सावलीच्या मध्यावर खडूची टिंबं मारत गेलो. सावलीची कड धूसर असते, कारण सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. कड शोधत बसण्यात अर्थ नव्हता, अंदाजे मध्य धरायचा. वारा आला की चकती डोलायची, ती थांबेपर्यंत थांबायचं. बारा पाच, बारा दहा, बारा पंधरा. टिंबं फुलीच्या दिशेने चार-चार सेंटीमीटरने सरकत होती आणि दोघंही फरशीवर ओणवी होती. बारा वीसनंतर कळायला लागलं की टिंबांची रांग फुलीवरून जाणार नाही, बाजूने जाणार. साडेबाराला सावली फुलीच्या अगदी शेजारी आली. मग बारा पस्तीसला ती पुढे सरकली, पूर्वेकडे.

ईशानने पट्टी लावून टिंबं जोडली. सरळ रेघ आली, पश्चिम-पूर्व. सूर्य उगवला त्या बाजूला तोंड करून उभा राहिला आणि उजवा हात पसरला. रेघ त्याच्या उजव्या हाताला, फुलीपासून पाच सेंटीमीटरवर होती. दक्षिणेला.

"गेला," तो म्हणाला. "आधीच गेलाय."

त्याच्या त्रैराशिकाप्रमाणे रेघ फुलीच्या उत्तरेला बारा सेंटीमीटरवर यायला हवी होती. सतरा सेंटीमीटरचा फरक खडूच्या जाडीने किंवा वाऱ्याने पडत नाही. आता मी पंचांगातले आकडे सांगितले. २१ मार्चपासून पहिल्या महिन्यात सूर्य साडेअकरा अंश उत्तरेला सरकतो, दुसऱ्या महिन्यात साडेआठ, आणि तिसऱ्यात उरलेले जेमतेम साडेतीन. म्हणून साडेअठराचा टप्पा पंचांगाच्या हिशोबाने १३-१४ मेच्या सुमारास येतो, २ जूनला नाही. परतीची तारीख २१ जूनपासून तितकीच पुढे, ३० जुलैच्या आसपास. तेव्हा पुण्यात आभाळ बहुधा भरलेलं असतं. दुसरा दिवस कुणी पाहिलेला नसतो, आणि 'फक्त एकदाच' असं वाटायला हेही एक कारण आहे.

या पद्धतीची मर्यादाही त्या दुपारी दिसली, ती सांगायला हवी. मेच्या मध्याला सूर्य दिवसाला पाव अंशापेक्षा जरा कमी उत्तरेला सरकतो, आणि मध्यान्हीला तेवढाच तो एका मिनिटात पूर्व-पश्चिम सरकतो. म्हणजे वेळेत एक मिनिट चुकलं तर तारखेत एक दिवस चुकल्याइतकीच सावली दिसते. बाटली किंवा डबा ठेवून, नुसत्या डोळ्यांनी, नेमका दिवस १३ की १४ हे सांगता येत नाही. त्या आठवड्यातले दोन-तीन दिवस सारखेच 'शून्य' दिसतात. टिंबांची रेघ काढली तर वेळेची चूक आपोआप बाद होते, कारण रेघ फुलीच्या कुठल्या बाजूने गेली एवढंच बघायचं असतं.

ईशानने मला ती तार काढू दिली नाही. कपडे पाऊस लागेपर्यंत दुसरीकडे वाळत घातले. मुक्ता जूनच्या सुरुवातीला नाशिकला गेली, पण हा दर दोन-तीन दिवसांनी साडेबाराच्या आसपास गच्चीवर जायचा आणि तिला फोनवर आकडा सांगायचा. ७ जूनला रेघ फुलीच्या दक्षिणेला पंधरा सेंटीमीटरवर होती, म्हणजे अठरा दिवसांत दहा सेंटीमीटर. त्याने वहीत लिहिलं होतं: २१ जूनला सतरा. उरलेल्या चौदा दिवसांत फक्त दोन. दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला आणि खडू धुऊन गेला.